बारा महिने सत्तावीस गाड्या

मी पांढरकवड्याकडच्या एका दुचाकीच्या सब-डीलरकडे हिशेब बघते. दुकान लहान आहे. शेठ (आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो), तीन सेल्समन, दोन मेकॅनिक आणि मी. गेल्या एप्रिलपासून आमच्याकडे महिन्याचं टार्गेट ठरवायची पद्धत बदलली, आणि त्या बदलाला या मार्चअखेर एक वर्ष पूर्ण झालं. मी बी.कॉम.ला सांख्यिकी कशीबशी काढली होती. त्यामुळे हे काम माझ्याच अंगावर आलं तेव्हा कुठून सुरुवात करावी हेच कळेना. आपल्या भागात कापसाच्या पैशावर धंदा चालणारी दुकानं पुष्कळ आहेत. कुणाच्या तरी कामी येईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधीची पद्धत अशी होती. वर्षाचा आकडा ठरायचा आणि त्याला बाराने भागायचं. २०२४-२५ साठी ३२४ गाड्या ठरल्या, म्हणजे महिन्याला २७ आणि सेल्समनला नऊ. नऊ पूर्ण झाल्या तर प्रत्येक गाडीमागे ३०० रुपये, नाही झाल्या तर शून्य. वर्षाअखेर विक्री बरोबर ३२४ झाली, तरी बारापैकी सात महिने दुकानाचं टार्गेट हुकलं होतं. ऑगस्टमध्ये १६ गाड्या गेल्या, तिघांच्या वाट्याला सहा, पाच आणि पाच. हातात भोपळा. ऑक्टोबरला ६२ गेल्या. दसरा-दिवाळीत लोक स्वतःहून दारात येतात, त्या महिन्यात खुर्चीत बसूनही इन्सेंटिव्ह मिळतो.

३० सप्टेंबर २०२४ ला आमचा सगळ्यात मेहनती सेल्समन नोकरी सोडून गेला. पितृपक्ष चालू होता, महिनाभरात त्याच्या पाच गाड्या झाल्या होत्या आणि भाऊंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. जाताना मला म्हणाला, "ताई, पराटीला बोंडं नाई आली अजून, लोकाईजवळ पैसा येईन कुठून? हे भाऊले कोण सांगन?"

सांगायचं काम माझ्याकडे आलं. पण नुसतं सांगून भागत नाही, भाऊंना आकडे लागतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी मागच्या चार वर्षांची महिनावार विक्री गोळा करायला घेतली. हे सोपं असेल असं वाटलं होतं. पहिलाच प्रश्न आला तो तारखेचा. एकाच गाडीच्या तीन तारखा असतात: बुकिंगची, बिलाची आणि गाडी नेल्याची. धनत्रयोदशीला गाडी नेणाऱ्याचं बिल पासिंगसाठी चार-आठ दिवस आधी फाटलेलं असतं. जुन्या वहीत माझ्या आधीच्या माणसाने काही वर्षं बुकिंग धरलं होतं, काही वर्षं डिलिव्हरी. मी सगळीकडे बिलाची तारीख धरली, कारण इन्सेंटिव्हही त्याच तारखेवर मिळतो. कोणती तारीख धरता हे तितकंसं महत्त्वाचं नाही, पण चारही वर्षं एकच धरा. २०२१ च्या दोन महिन्यांची बिलं सापडेचनात, त्यासाठी यवतमाळला मुख्य डीलरकडे दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला "साहेब नाहीत, उद्या या" हे ऐकून परत. एसटीला अर्धं तिकीट होतं, तेवढाच दिलासा. एकूण तीन रविवार गेले आणि ४८ महिन्यांचे ४८ आकडे एका रकान्यात उतरले.

मार्चचं बिलिंग बंद झालं आणि ६ एप्रिलच्या रविवारी, रामनवमीला, मी गणिताला बसले. कॉलेजच्या पुस्तकात याला हंगामी निर्देशांक म्हणतात. कल्पना साधी आहे. वर्षाचा साधारण महिना १०० धरला, तर ऑगस्ट किती आणि ऑक्टोबर किती? फक्त 'साधारण' कशाला म्हणायचं यात मेख आहे. मला वाटलं होतं, त्या वर्षाच्या सरासरीने भागलं की झालं. पण धंदा वाढत असेल तर मार्च हा एप्रिलपेक्षा निव्वळ वाढीमुळेच मोठा दिसतो आणि ती वाढ हंगामाच्या खात्यात जमा होते. म्हणून प्रत्येक महिन्याची तुलना त्याच्या आजूबाजूच्या बारा महिन्यांशी करायची, म्हणजे सरकती सरासरी काढायची.

ऑगस्ट २०२३ चं उदाहरण घेते, कारण ते मी हातानेही करून पाहिलं. ऑगस्ट मधोमध ठेवून बारा महिने घ्यायचे तर अडचण येते, बारा हा सम आकडा आहे, त्याला मधला महिना नसतो. म्हणून दोन बेरजा करायच्या. फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४ ची बेरीज आली ३०७, आणि मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ ची ३१०. दोन्ही मिळून ६१७, भागिले २४, म्हणजे २५.७. त्या काळात आमचा साधारण महिना पावणेसव्वीस गाड्यांचा होता. ऑगस्टमध्ये गेल्या १३. तेराला २५.७ ने भागून शंभरने गुणलं की ५०.६, म्हणजे साधारण महिन्याच्या निम्मा.

शीटमध्ये B रकान्यात विक्री असेल आणि पहिला महिना दुसऱ्या ओळीत असेल, तर सातव्या महिन्यासमोर हे लिहायचं आणि खाली ओढायचं:

```
C8: =(SUM(B2:B13)+SUM(B3:B14))/24
D8: =B8/C8*100
```

सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने यात गळतात, कारण त्यांच्या एका बाजूला पुरेसे महिने नसतात. म्हणजे चार वर्षांचे आकडे असले तरी प्रत्येक महिन्याला तीनच गुणोत्तरं मिळतात. यापेक्षा कमी वर्षं असतील तर या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

ऑगस्टची तीन गुणोत्तरं आली ६१.८, ५०.६ आणि ६०.२. मधलं वेगळं का, हे डायरीत सापडलं. २०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि वर पावसाने महिनाभर दडी मारली होती. म्हणून मी सरासरी न घेता मध्यक घेतला, म्हणजे तिन्ही चढत्या क्रमाने लावून मधला: ६०.२. एखादं विचित्र वर्ष मध्यकाला फारसं हलवत नाही. एप्रिल-मे २०२१ लॉकडाऊनमुळे ११ आणि २ गाड्यांचे होते. सुदैवाने ते सुरुवातीच्या गळणाऱ्या सहा महिन्यांत आले. तरी त्यांची सावली राहिलीच. त्यांच्यामुळे २०२१ च्या ऑक्टोबरची सरकती सरासरी खाली खेचली गेली आणि तो ऑक्टोबर होता त्यापेक्षा फुगलेला दिसला.

रात्री दहाला बारा आकडे तयार झाले. खूश होऊन बेरीज केली. बारा निर्देशांकांची बेरीज १२०० यायला हवी. थोडाफार फरक चालतो, सगळ्यांना एकाच पटीने ताणून तो मिटवतात. माझी बेरीज आली १२३२.६. ताणून मिटवलं असतं तर मिटलंही असतं. पण एवढा फरक येतो कुठून हे बघितल्याशिवाय झोप लागेना, आणि तिथे मला खरी चूक सापडली.

ऑक्टोबरचा मध्यक १९७ होता आणि नोव्हेंबरचा २०३. दोन्ही महिने दुप्पट! पण असं वर्ष आमच्या दुकानात निव्वळ दिवाळीच्या जोरावर कधी आलं नाही. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, तेव्हा ऑक्टोबर ५८ गाड्यांचा आणि नोव्हेंबर २२ चा. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, त्यात अर्धा ऑक्टोबर पितृपक्षात गेला, तेव्हा ऑक्टोबर ३८ आणि नोव्हेंबर ५३. आमचा हंगाम चालतो पंचांगावर आणि टार्गेट निघतं इंग्रजी महिन्यावर. प्रत्येक महिन्याचा वेगवेगळा मध्यक काढला की कागदावर वर्षात दोन दिवाळ्या येतात.

उपाय दुसऱ्या दिवशी सुचला. दोन्ही महिने एकत्र धरायचे. जोडीची बेरीज तीन वर्षांत ४०१, ३४२ आणि ३५२ आली. ४०१ वालं वर्ष तेच लॉकडाऊनच्या सावलीचं. मध्यक ३५२. आता बाराची बेरीज ११८४.६ झाली, म्हणजे १२०० पर्यंत जेमतेम सव्वा-दीड टक्का ताणायचं. ताणल्यावर जोडीला ३५६.६ मिळाले. मग नव्या वर्षाचं पंचांग उघडलं. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. मागच्या वर्षांपैकी २०२२ याच्या सगळ्यात जवळचं, दसरा ५ ला आणि दिवाळी २४ ला. त्या वर्षी जोडीतल्या ८० गाड्यांपैकी ५८ ऑक्टोबरात गेल्या होत्या, साधारण ७२ टक्के. तोच हिस्सा लावून ऑक्टोबर २५७ आणि नोव्हेंबर १०० केला.

पंचांग उघडलंच होतं म्हणून गुढीपाडवाही बघितला आणि कपाळाला हात लावला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात पाडवा दोनदा आला, २ एप्रिल २०२२ आणि २२ मार्च २०२३. २०२३-२४ मध्ये एकदाही नाही, कारण पुढचा थेट ९ एप्रिल २०२४ ला. त्या मार्चमध्ये विक्री २७ वरून २३ वर आली म्हणून भाऊंनी मीटिंग लावली होती, चांगली दोन तास. पाडवाच नव्हता हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मार्च आणि एप्रिलचीही मग जोडी केली. पुढचा पाडवा १९ मार्च २०२६ ला होता, म्हणून २०२३ सारखे निम्मे-निम्मे, १०६ आणि १०६.

आता वर्षाचा एकूण आकडा. निर्देशांक हे सांगत नाही. तो फक्त वाटणी करतो. मुख्य डीलरने ३६० सांगितले होते. आधीची तीन वर्षं २८२, ३०६ आणि ३२४ होती, म्हणजे वाढ चोवीसची, मग अठराची. घासाघीस होऊन भाऊ ३४८ वर आले. महिन्याची सरासरी २९. तिला निर्देशांकाने गुणून शंभरने भागायचं. मे ११८, म्हणून ३४ गाड्या. जुलै ५४, म्हणून १६. ऑगस्ट ६१ म्हणून १८, सप्टेंबर ५७ म्हणून १६, आणि ऑक्टोबर ७४. पूर्णांक करताना एक-दोन गाड्या इकडे-तिकडे होतात, शेवटी बेरीज ३४८ येते ना ते बघून घ्यायचं.

१२ एप्रिलच्या शनिवारी दुकान बंद झाल्यावर हे सगळ्यांसमोर मांडलं. मोठ्या कागदावर छापून नेलं होतं, १२० रुपये लागले. सेल्समन खूश होतील असं मी धरून चालले होते. जुलैचा १६ बघून खूश झालेही. मग नजर ऑक्टोबरवर गेली. "चौऱ्याहत्तर? बाप्पा! ताई, तू आमच्याकडून हायस का भाऊकडून?" हे मला आधीच सुचायला हवं होतं. योग्य वाटणी म्हणजे सोप्या महिन्यातला फुकटचा इन्सेंटिव्हही जाणार. ऑक्टोबरला नऊ गाड्यांवर जे मिळत होतं त्याला आता २४-२५ लागणार. भाऊंनी तिथल्या तिथे गाडीमागे ३०० चे ३५० केले, तेव्हा कुठे वातावरण निवळलं.

दुसरी हरकत भाऊंची होती आणि ती बरोबर होती. सप्टेंबरचे १६ तिघांत वाटले की पाच-पाच येतात. पाचात एक गाडी इकडची तिकडे झाली तर वीस टक्क्यांचा फरक. एखाद्या गिऱ्हाइकाचं लोन दोन दिवस अडकलं तरी महिना हातचा जातो, त्यात सेल्समनचा दोष काय? म्हणून जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरचा एकच गठ्ठा केला, ५० गाड्या, आणि इन्सेंटिव्ह गठ्ठ्यावर. बाकी महिने सुटे ठेवले. याच कारणाने प्रत्येक सेल्समनचा वेगळा निर्देशांक काढायच्या फंदात मी पडले नाही. इतक्या लहान आकड्यांतून हंगाम दिसत नाही, नुसता गोंधळ दिसतो.

त्याच रात्री जुन्या सेल्समनपैकी एकाने मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. सप्टेंबरचं टार्गेट होणार नाही हे विसाव्या तारखेला कळलं की ते गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचे, "आता काऊन घेता, दसऱ्याले घ्या ना." गाडी ऑक्टोबरच्या नऊत धरली जायची. म्हणजे माझ्या आकड्यांतला सप्टेंबर काही अंशी आमच्या जुन्या टार्गेटनेच पाडलेला होता. पितृपक्षामुळे किती आणि यांच्यामुळे किती, हे माझ्याकडच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मी वहीत तसं लिहून ठेवलं.

एप्रिलला ३० गाड्या गेल्या, मे महिन्यात ३६, जूनला २१, जुलैला १७. जुलैअखेर भाऊ सवयीने म्हणाले, "छत्तीसवरून सतरावर आलो की." मी त्यांना उलटा भागाकार दाखवला. ३६ ला १.१८ ने भागलं तर ३०.५ येतात, १७ ला ०.५४ ने भागलं तर ३१.५. हंगाम बाजूला केला तर जुलै मे महिन्यापेक्षा खाली नव्हता. ते बराच वेळ कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत राहिले, मग म्हणाले, "चहा सांग." आता दर महिन्याच्या पाच तारखेला ते स्वतःच हा भागाकार विचारतात.

मग पंधरा ऑगस्ट आला. जीएसटी कमी होणार अशी घोषणा लाल किल्ल्यावरून झाली आणि गिऱ्हाइक जागच्या जागी थांबलं. ऑगस्ट १४ वर अडकला. सप्टेंबरच्या सुरुवातीला पक्कं झालं की ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ चे १८ टक्के होणार, २२ सप्टेंबरपासून. २१ ला सर्वपित्री अमावस्या, २२ ला घटस्थापना. पहिल्या २१ दिवसांत आमच्या दोन गाड्या गेल्या आणि पुढच्या नऊ दिवसांत २७. असा सप्टेंबर कुठल्याच निर्देशांकात बसत नाही. तीन महिन्यांचा गठ्ठा होता म्हणून निभावलं, ५० च्या जागी ६० झाल्या. सुटे महिने असते तर ऑगस्टला सगळे बुडाले असते आणि सप्टेंबरला सगळे तरंगले असते, दोन्ही वेळा त्यांच्या कामाशी काही संबंध नसताना. ऑक्टोबर ७८ चा झाला, नोव्हेंबर २७ चा. वर्ष ३६१ वर संपलं. त्यातल्या किती गाड्या करकपातीच्या आणि किती आमच्या, हे मी भाऊंनाही सांगू शकले नाही.

या एप्रिलमध्ये नवे आकडे घालून शीट पुन्हा चालवलं. सप्टेंबर २०२५ चं गुणोत्तर मी लाल करून मध्यकातून वगळलं आणि कारण शेजारच्या रकान्यात लिहिलं. तुम्ही करत असाल तर हा शेजारचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. सण, पाऊस, लोनची योजना, माल नसणं, सगळं त्यात. शोरूममध्ये गाडीच नव्हती म्हणून विक्री पडलेला महिना आणि गिऱ्हाइकच नव्हतं म्हणून पडलेला महिना, दोन्ही आकड्यांत सारखेच दिसतात.

नव्या वर्षाचा एकूण आकडा ३७२, महिन्याची सरासरी ३१. अडलं ते मे महिन्यावर. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे लग्नं थांबणार आणि आंदणाची गाडी निम्म्या मेपासूनच बंद. मागचा अधिक महिना श्रावणात होता, तेव्हा तसाही आमचा धंदा मंदच, त्यामुळे जुन्या आकड्यांतून मेचा अंदाज काढता येत नाही. एक सेल्समन म्हणतो मेमधले दहा जूनवर टाका, दुसरा म्हणतो जूनला लोक बी-बियाण्याच्या मागे असतात, गाडी कोण घेईल. तोड म्हणून मे-जूनचाही गठ्ठा केला, ३७ आणि २४ मिळून ६१.

कागद भिंतीवर लावताना नवा पोरगा बघत उभा होता. मार्चसमोर बोट ठेवून म्हणाला, "ताई, पुढचा पाडवा तं ७ एप्रिल २०२७ ले हाय. म्हणजे या वर्षी पाडवाच नाई. मार्चचे कमी करा." मी त्याला आकडा दाखवला. मार्चला मी २७ च लिहिले होते.